वर्ष न बघता टक्के वाचू नका

नमस्कार, श्रोतेहो. तुमच्यापैकी काही जण कंपन्यांत भरतीचं काम पाहत असतील. आज मुख्यतः त्यांच्याशीच बोलायचं आहे.

जाहिरातीत एक ओळ हमखास असते: दहावी, बारावी, पदवी, सगळीकडे किमान 60 टक्के. आणि समोर अर्ज येतो: महाराष्ट्र राज्य मंडळ, मराठी माध्यम, मार्च 2019, दहावीला 59.20 टक्के. तो बाजूला टाकण्याआधी साल पुन्हा एकदा वाचा.

त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रं या विषयांतले तोंडी व अंतर्गत 20 गुण काढून टाकले होते. सगळे 100 गुण लेखी परीक्षेचे झाले. राज्याचा निकाल आदल्या वर्षी 89.41 टक्के होता, तो 77.10 वर आला. पुढच्याच वर्षी ते 20 गुण परत आले.

आता आपण एक गुणपत्रिका मांडून बघू. मराठी 65, हिंदी 55, इंग्रजी 45, गणित 56, विज्ञान 60, सामाजिक शास्त्रं 60. राज्य मंडळ सर्वोत्तम पाच विषय धरतं, म्हणून इंग्रजी गळते. बेरीज 296, म्हणजे 59.20 टक्के. याच मुलाची लेखी कामगिरी 80 गुणांवर आणली आणि तोंडी किंवा अंतर्गत परीक्षेत 20 पैकी 18 धरले, तर मराठी 70, हिंदी 62, सामाजिक शास्त्रं 66 होतात. टक्के होतात 62.80. हे 18 मी गृहीत धरलेत, त्यामुळे या हिशोबावर कुणाचे गुण बदलता येणार नाहीत. पण एवढ्यावरून मुलाची कुवत ठरवू नये, हे मात्र मी ठामपणे सांगेन.

मग करायचं काय? अट शिथिल करायची तर यादी उघडण्याआधी वरिष्ठांची लेखी संमती घ्या, आणि ती त्या वर्षीच्या सगळ्याच उमेदवारांना लावा. एकट्यादुकट्यासाठी केलेली सूट अन्यायच ठरते.

इंग्रजीच्या त्या 45 गुणांबद्दलही थोडं सांगतो. मराठी माध्यमाचा मुलगा इंग्रजी तृतीय भाषा म्हणून घेतो, इंग्रजी माध्यमाचा प्रथम भाषा म्हणून. प्रश्नपत्रिकाच वेगळ्या, तेव्हा दोघांचे आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही. कामाला इंग्रजी लागणारच असेल, तर कामातलंच एखादं ई-मेल लिहून घ्या.

आणि उमेदवारांनो, तुम्हीही लक्ष द्या. काही जण सहाही विषयांची बेरीज करून 600 ने भागतात. वरच्या उदाहरणात त्याचे 56.83 टक्के होतात, म्हणजे स्वतःच्या हातानेच दोन टक्क्यांहून अधिक कमी केले. गुणपत्रिकेवर छापलेले टक्केच लिहा, शेजारी मंडळ आणि परीक्षेचा महिना-साल लिहा, आणि गुणपत्रिकेची प्रत अर्जासोबतच जोडा.