सावली आखूड, तर व्हिटॅमिन डी

नमस्कार श्रोतेहो.

तान्ह्या बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचं आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात धरायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. बाळाला ऊब मिळते, ते छान झोपतं. पण व्हिटॅमिन डी मिळावं म्हणून धरत असाल, तर त्या वेळचं ऊन जवळजवळ काहीच कामाचं नाही. ते का, हे कळायला आधी कातडीत काय घडतं ते पाहू.

आपलं शरीर कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतं. ते बनण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्याआधीचा पदार्थ म्हणजे सेव्हन-डिहायड्रोकोलेस्टेरॉल. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींच्या आवरणात तो भरपूर असतो. त्याच्या रेणूत चार कड्या एकमेकींना जोडलेल्या असतात. उन्हातले यूव्हीबी किरण, म्हणजे साधारण 290 ते 315 नॅनोमीटर लांबीच्या लहरी, त्यावर पडले की दुसरी कडी फुटून उघडते. तयार होतं ते प्रीव्हिटॅमिन डी. पुढचं काम उन्हाचं नाही, अंगातल्या उष्णतेचं. काही तासांत हा रेणू हळूहळू वळून व्हिटॅमिन डी 3 बनतो आणि रक्तात उतरतो. म्हणजे तुम्ही सावलीत येऊन जेवायला बसलात तरी कातडीत काम चालूच असतं.

इथे शरीरानं एक सोय करून ठेवली आहे. ऊन लागतच राहिलं, तर तेच किरण प्रीव्हिटॅमिनचे ल्युमिस्टेरॉल, टॅकिस्टेरॉल असे निरुपयोगी पदार्थ करून टाकतात. मूळ साठ्यापैकी साधारण 10 ते 15 टक्क्यांहून जास्त प्रीव्हिटॅमिन साचतच नाही. त्यामुळे उन्हात राबणाऱ्या माणसाला डीची विषबाधा होत नाही. ती होते मनानं घेतलेल्या गोळ्यांनी.

आता कोवळ्या उन्हाकडे येऊ. यूव्हीबी किरण ओझोनच्या थरात शोषले जातात. सूर्य डोक्यावर असला तर त्यांची वाट छोटी असते. तो क्षितिजाजवळ असला तर किरण तिरपे येतात, वाट लांबते आणि यूव्हीबी वरच्या वर संपतात. ऊब लागते, उजेड दिसतो, पण ती कडी फोडणारे किरण पोचत नाहीत. हे ओळखायला उपकरण नको, आपली सावली पाहा. सावली आपल्या उंचीहून लांब असेल, तर डी अगदी जुजबी तयार होतं.

22 डिसेंबरला पुण्यात साडेबाराच्या सुमारास साडेपाच फूट उंचीच्या माणसाची सावली पाच फुटांच्या आत असते. वर्षातला सूर्य सर्वांत खाली असण्याचा हा दिवस, तरी तेव्हाही डी बनू शकतं. त्याच दिवशी स्कॉटलंडमधल्या एडिनबरोला भर दुपारी त्याच माणसाची सावली 29 फुटांच्या आसपास जाते! 1988 साली बॉस्टनच्या संशोधकांनी हेच प्रयोगानं दाखवलं. 42 अंश अक्षांशावरच्या बॉस्टनमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी उन्हात ठेवलेल्या त्वचेत प्रीव्हिटॅमिन बनलंच नाही. कॅनडातल्या एडमंटनमध्ये हा कोरडा काळ ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत होता. पुण्याच्याच अक्षांशावरच्या पोर्तो रिकोत मात्र ऐन जानेवारीतही ते बनत होतं.

राहिला प्रश्न रंगाचा. सावळ्या कातडीत कच्चा माल कमी नसतो. पण वरच्या थरातलं मेलॅनिन तेच यूव्हीबी किरण आधी गिळतं, खाली कमी पोचतात. 1982 सालच्या एका छोट्या प्रयोगात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय लोकांना किरणांची सारखीच मात्रा दिली. गोऱ्यांच्या रक्तातलं व्हिटॅमिन डी झपाट्यानं वाढलं, कृष्णवर्णीयांचं जवळपास हललं नाही. मग त्यांच्यातल्या एकाला सहापट मात्रा दिली, तेव्हा तो गोऱ्यांच्या पातळीला पोचला. म्हणजे कारखाना तोच, वेळ जास्त लागतो.

पुण्यात ही जादा वेळ मिळू शकते, अर्थात दंड-पाय उघडे ठेवून बाहेर पडलात तर. काचेच्या खिडकीआड बसून नाही, कारण साधी काच यूव्हीबी अडवते. एडिनबरोत शिकायला गेलेल्या आपल्या मुलाला मात्र हिवाळ्यात कितीही वेळ उन्हात उभं केलं तरी उपयोग नाही. उन्हाळ्यात साठवलेलं डी तिथे वसंतापर्यंत खालावतं. म्हणून ब्रिटनमध्ये सगळ्यांनाच हिवाळ्यात रोज 10 मायक्रोग्रॅम डी घेण्याचा विचार करायला सांगतात आणि सावळ्या वर्णाच्या लोकांना वर्षभर.

बाळाला मात्र, हे ऐकून, दुपारच्या उन्हात नेऊ नका. त्याची कातडी नाजूक असते. पहिल्या वर्षात रोज 400 युनिटचे थेंब देण्याची शिफारस आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ करतात, ते त्यांच्या सल्ल्यानं द्या. सकाळचं ऊन उबेसाठी खुशाल द्या.

नमस्कार.