म्हापशातले ते 80 इन्स्टॉल नक्की कोणाचे?

हे म्हापशातलं छोटं ऑफिस, खाली बाजार, चवथ जवळ आलीय म्हणून माटोळीचं सामान रस्त्यापर्यंत आलंय. वर चौघं मिळून किराणा घरपोच देणारं ॲप चालवतात. एजन्सीचा रिपोर्ट स्क्रीनवर आहे, रोजचे 80 इन्स्टॉल जाहिरातीतून, एकाला 40 रुपये पडले. सगळे खूश. हिशोब बघणारी मुलगी सोडून.

आता हा फोन जवळून बघा. गिऱ्हाईक प्ले स्टोअरमध्ये ॲपचं नावच टाइप करतंय, म्हणजे ते ठरवूनच आलंय. सगळ्यात वर मात्र त्याच ॲपची जाहिरात दिसते, बाजूला बारीकशी खूण, बोट तिथंच पडतं. झालं, फुकट येणारा माणूस पेडमध्ये मोजला गेला! गूगलच्या ॲप कॅम्पेनमध्ये कुठल्या शब्दांवर जाहिरात दाखवायची ते, म्हणजे कीवर्ड, आपण निवडत नाही, त्यामुळे हे कुठे आणि किती होतंय ते रिपोर्टमध्ये सरळ दिसतच नाही.

मग तिने काय केलं, जाहिरात म्हापशात चालू ठेवली आणि मडगावात पूर्ण बंद. ॲपवाल्यांना आकडे दाखवणारा गूगलचा प्ले कन्सोल देशापर्यंतच फोड करून देतो, शहराची देत नाही, म्हणून मोजणी स्वतःच्या सर्व्हरवरून, कारण ॲप पहिल्यांदा उघडलं की गाव निवडावंच लागतं.

फळ्यावरचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. आधी दोन्हीकडे रोज 100. कॅम्पेनमध्ये म्हापसा 150, त्यातले 80 पेड, म्हणजे ऑरगॅनिक, जाहिरातीशिवाय येणारं गिऱ्हाईक, 100 वरून 70 वर घसरलं, आणि एजन्सीच्या रिपोर्टमध्ये ही घसरण कुठेच नाही (असणार कशी, त्यांचं बिल 80 वर निघतं ना). मडगाव जाहिरात नसतानाही 110. ते 10 चवथीचे, किंवा त्याच आठवड्यात लिस्टिंगवर, म्हणजे स्टोअरमधल्या ॲपच्या पानावर, बदललेल्या स्क्रीनशॉटचे. नवे स्क्रीनशॉट दोन्ही गावांना सारखेच दिसतात, म्हणून 150 मधून 110 वजा करायचे, 100 नाही.

उरले 40. जाहिरात बघून नंतर स्वतः सर्च करून आलेलेसुद्धा यातच आले. रोजचा खर्च 3200 रुपये, म्हणजे खरा इन्स्टॉल 80 रुपयांना.

स्क्रीनशॉटचा वाटा वेगळा काढायचा तर कन्सोलमध्येच लिस्टिंग एक्सपरिमेंट लावायचा, अर्ध्या लोकांना जुनं पान, अर्ध्यांना नवं. आणि कॅम्पेन चालू असताना एकूण कन्व्हर्जन रेट, म्हणजे पान बघणाऱ्यांपैकी किती जण इन्स्टॉल करतात ते प्रमाण, खाली आला म्हणून घाबरून पान बदलायचं नाही. जाहिरातीवरून नुसतं डोकावून जाणारे वाढले की तो पडतोच, पान तेच असलं तरी. सर्चवरून आलेल्यांचा रेट वेगळा काढून बघायचा.

बजेट निम्मं झालं, एजन्सीशी थोडी बाचाबाची झाली.

म्हापशाचं गिऱ्हाईकच वेगळं असेल तर? म्हणून चवथ संपल्यावर उलटं करायचं ठरलंय, जाहिरात मडगावात चालू, म्हापशात बंद.