सेवेत असताना मृत्यू: विमा कंपनीला जाणारं मालकाचं पत्र

नमस्कार श्रोतेहो. कर्मचाऱ्याचा सेवेत असताना मृत्यू झाला की समूह मुदत विम्याचा, म्हणजे ग्रुप टर्मचा, दावा करताना मालकाला विमा कंपनीला एक पत्र द्यावं लागतं. मनुष्यबळ विभागात किंवा पगाराच्या टेबलावर काम करणाऱ्यांसाठी आजचं बोलणं याच पत्राबद्दल आहे.

या विम्यात पॉलिसी मालकाच्या नावावर असते आणि कर्मचारी तिचा सदस्य असतो. म्हणून मृत्यूचा दाखला घरच्यांकडून आला, तरी हा माणूस त्या दिवशी नोकरीत होता का आणि त्याचं विमा संरक्षण किती होतं, हे मालकच सांगू शकतो. पत्राचं खरं काम एवढंच. दुःख व्यक्त करणारे परिच्छेद कुटुंबाला लिहायच्या पत्रात ठेवावेत.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक कर्मचारी 3 मार्चला शेवटचा कामावर आला. मग आजारपणाची रजा, ती संपल्यावर 20 मार्चपासून मंजूर बिनपगारी रजा, आणि 11 एप्रिलला मृत्यू. दरम्यान 1 एप्रिलपासून सगळ्यांची पगारवाढ झाली. त्याचं मूळ वेतन 40 हजारांवरून 44 हजार झालं. विमा रक्कम मूळ मासिक वेतनाच्या 24 पट.

पहिली चूक इथेच होते. पगाराच्या प्रणालीत नाव बंद करताना ‘शेवटचा कामाचा दिवस’ या रकान्यात कारकून 3 मार्च भरतो. हजेरी तिथेच थांबलेली असते, त्यामुळे त्याला ते बरोबरच वाटतं. मग महिनाअखेरीला सदस्य कमी केल्याची यादी विमा कंपनीकडे जाते आणि त्या यादीप्रमाणे हा माणूस मृत्यूच्या पाच आठवडे आधीच नोकरी सोडून गेलेला असतो! दावा अडकतो. म्हणून पत्रात दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहा: प्रत्यक्ष कामावरचा शेवटचा दिवस 3 मार्च, सेवासमाप्ती 11 एप्रिल, कारण मृत्यू. मधल्या दिवसांचा हिशेब एका वाक्यात द्या आणि रजा मंजुरीची प्रत व हजेरीपत्रक जोडा. चुकीची यादी आधीच गेली असेल, तर पत्रातच तसं सांगून दुरुस्त यादी सोबत लावा. बिनपगारी रजेत संरक्षण किती दिवस चालू राहतं, हे पॉलिसीत पाहून त्या कलमाचा क्रमांकही लिहा.

आता रक्कम. 44 हजार गुणिले 24, म्हणजे 10 लाख 56 हजार, असं लिहायचा मोह होतो. पण अनेक पॉलिसींत अशी अट असते की वाढीव संरक्षण लागू होण्याच्या दिवशी सदस्य प्रत्यक्ष कामावर हवा. आपला कर्मचारी 1 एप्रिलला रजेवर होता. तशी अट असेल, तर रक्कम जुन्या वेतनावर, 9 लाख 60 हजार धरली जाईल. फरक 96 हजारांचा. जास्तीचा आकडा लिहिला तर शंकापत्र येतं, आणि कुटुंबाला तो आधीच सांगून बसलात तर पुढचं अवघड बोलणं तुमच्याच वाट्याला येतं. पत्रात नुसता आकडा नको. वेतन, पट आणि कोणत्या तारखेचं वेतन धरलं, हे मांडा.

मजकूर साधारण असा येईल: “आमच्या पॉलिसीखालील सदस्य, सदस्य क्रमांक अमुक, यांचे 11 एप्रिल रोजी सेवेत असताना निधन झाले. 3 मार्च हा त्यांचा कामावरील शेवटचा दिवस असून त्यानंतर ते मंजूर रजेवर होते. त्यांनी राजीनामा दिलेला नव्हता व त्यांची सेवा अन्य कारणाने संपलेली नव्हती. मृत्यूच्या तारखेपर्यंतचा त्यांचा हप्ता भरलेला आहे.” शेवटचं वाक्य हप्त्याचा हिशेब पाहूनच लिहा. पॉलिसी क्रमांक, जन्मतारीख, रुजू झाल्याची आणि विम्यात दाखल झाल्याची तारीख सुरुवातीला येते. मृत्यूचं कारण दाखल्यात असेल त्याच शब्दांत द्या. दाखल्यावर कारण नसेल, तर ‘वैद्यकीय प्रमाणपत्र जोडले आहे’ एवढंच. सहकाऱ्यांकडून कानावर आलेलं पत्रात नको. अपघात असेल तर पोलीस आणि शवविच्छेदन अहवाल मागतातच, म्हणून ते आधीच मिळवायला लागा.

नावात फरक असतोच. दाखल्यावर पूर्ण नाव, पगारपत्रकात आद्याक्षरं. दोन्ही रूपं लिहून ती एकाच व्यक्तीची आहेत असं प्रमाणित करा आणि ओळखपत्राची प्रत लावा.

नॉमिनीच्या बाबतीत फाइलमध्ये जे आहे तेच पाठवायचं. नामनिर्देशन लग्नाआधीचं असेल आणि त्यात आईचं नाव असेल, तर पत्नीचं नाव आपल्या मनाने घालायचा अधिकार मालकाला नाही. मूळ अर्जाची प्रत जोडा, त्यानंतर लग्न झाल्याची नोंद असेल तर तीही कळवा. निर्णय विमा कंपनी नियमांप्रमाणे घेईल. नॉमिनी अज्ञान असेल तर पालकाचं नाव आणि त्याचे कागद लागतात. पैसे थेट नॉमिनीच्या खात्यात जाणार की मालकामार्फत, हे पॉलिसीत पाहून लिहा. खाते क्रमांक मात्र रद्द केलेल्या धनादेशावरून उतरवा, फोनवर ऐकून नको.