मूल कॅमेऱ्याकडे बघतं, तेव्हा बाकीचे कुठे बघतात?

मंडळी, नमस्कार. दीड ते तीन वर्षांचं मूल मध्ये बसवून अख्ख्या कुटुंबाचा एक फोटो काढायचा, आजचा विषय एवढाच आहे. नुसत्या मुलाचा फोटो त्या मानाने सोपा. ते कुठेही बघो, काहीही करो, फोटो होतो. अवघड असतो तो सगळ्यांचा.

असे फसलेले फोटो एकदा शेजारी शेजारी लावून बघा. मूल रडतंय म्हणून फसलेले त्यात असतातच. पण मूल थेट लेन्सकडे बघून मनापासून हसतंय आणि तरीही फोटो वाया गेलाय, असे कितीतरी निघतात. कारण नेमक्या त्या क्षणी आई खाली वाकून म्हणतेय, "बघ बघ, तिकडे बघ!" बाबांचं बोट हवेत आहे. आजी त्याची कॉलर सारखी करतेय. लहान मुलाची नजर कॅमेऱ्यावर एक-दोन सेकंद टिकते, आणि तेवढ्यात मोठ्यांपैकी कुणीच तयार नसतं. म्हणून खेळ, खेळणी वगैरे नंतर. आधी मोठ्यांचा बंदोबस्त करायचा.

मूल यायच्या आधी सगळ्यांना एकच सूचना द्या: मी "झालं" म्हणेपर्यंत नजर लेन्सवर आणि चेहरा प्रसन्न. मूल उठलं, ओरडलं, आडवं झालं, तरी नजर हलवायची नाही. त्याला हाक मारायची नाही, "हस ना" म्हणायचं नाही. हे ऐकायला सोपं वाटतं, पण आईबाबांना फार जड जातं. मूल रडवेलं झालं की आपल्यालाच लाज वाटते, म्हणून तोंडातून शब्द जातोच. तेव्हा स्पष्ट सांगा की त्याचं लक्ष वेधण्याची जबाबदारी तुमची नाही, माझी आहे.

हाका मारणारं माणूस एकच असावं. चार दिशांनी चार हाका आल्या तर मूल सगळ्यात जवळच्या आवाजाकडे वळतं, आणि जवळचा आवाज नेमका फ्रेममधलाच असतो. शिवाय त्या माणसाचं डोकं लेन्सला चिकटून असायला हवं, बरोबर वर किंवा मागे. ते दोन हात बाजूला उभं राहिलं तर मूल हसेल, पण नजर बाहेर गेलेली दिसेल. फोटो काढणाऱ्याने एकाच वेळी खेळवायचंही आणि काढायचंही, हे जमतं. तरी दुसरं माणूस असेल तर खेळवणं त्याच्याकडे द्यावं.

आता वेळ. झोपेतून उठून थोडा वेळ गेलाय, पोट भरलंय, अशी वेळ निवडा. उठल्याउठल्या नको, बरीच मुलं काही वेळ पेंगुळलेलीच असतात. खुर्च्या, उजेड, कोण कुठे बसणार, कुणाचा हात कुठे, हे सगळं मुलाशिवाय ठरवून घ्या. त्याच्या जागी आईच्या मांडीवर एखादी उशी ठेवून दोन-चार फोटो काढून बघा. शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागापेक्षा हळू नको, खेळ सुरू झाला की पाचशेवा भाग बरा. माणसं दोन ओळींत असतील तर ॲपर्चर पाच पॉइंट सहा ते आठच्या आसपास ठेवा, म्हणजे मागची ओळ धूसर होत नाही. यासाठी आयएसओ वाढवावा लागला तर खुशाल वाढवा. फोटोतले दाणे नंतर कमी करता येतात, हललेला चेहरा सरळ करता येत नाही. फ्लॅश वापरणार असाल तर तो पुन्हा भरायला किती वेळ घेतो ते आधी बघा. दोन सेकंद लागत असतील तर हसू तेवढ्यात निघून जातं. मला स्वतःला मोठ्या खिडकीचा उजेड किंवा बाहेरची सावली पुरते.

मुलाशी ओळख करतानाही घाई नको. या वयात परक्या माणसाची भीती अगदी स्वाभाविक असते. आल्याआल्या गालाला हात लावून "काय रे, नाव काय तुझं?" केलं की ते आईच्या खांद्यात तोंड लपवतं आणि मग बराच वेळ बाहेर काढत नाही. आधी मोठ्यांशी बोला, खाली बसा, त्याच्याकडे मुद्दाम लक्ष देऊ नका. कॅमेरा जमिनीवर ठेवलात तर ते आपणहून जवळ येतं. हात लावू द्या, बटण दाबू द्या.

आणि मग खेळ. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. आवाज झाला की मूल बघतं, पण तो चेहरा हसरा नसतो, चकित असतो. तोंड किंचित उघडं, भुवया वर. हसू त्याच्यानंतर, साधारण सेकंदभराने येतं. आवाजाबरोबर बटण दाबणाऱ्याला सगळे चकित चेहरेच मिळतात. म्हणून आवाज, क्षणभर थांबणं, आणि मग सलग पाच-सहा फोटो.

मला सगळ्यात भरवशाचा वाटलेला खेळ म्हणजे शिंकेचा. एक मऊ खेळणं डोक्यावर ठेवायचं, "आ... आ..." करत शिंक लांबवायची आणि "छी!" करून खेळणं पाडायचं. पहिल्या वेळी मूल नुसतं बघतं. दुसऱ्या वेळी त्याला कळतं की आता ते पडणार आहे, आणि "आ... आ..." चालू असतानाच त्याचा चेहरा खुलायला लागतो. तिथे बोट बटणावर हवं. खरा आनंद पडण्यापेक्षा पडण्याची वाट बघण्यात असतो. बुवाकुकचंही तसंच. कॅमेऱ्यामागे तोंड लपवा, पण दरवेळी त्याच बाजूने बाहेर येऊ नका. दोनदा उजवीकडून आलात की तिसऱ्यांदा वरून या.

वाजणारं खेळणं मात्र जपून वापरा. पहिल्यांदा हमखास नजर वळते, तिसऱ्यांदा मूल ढुंकून बघत नाही. ते शेवटासाठी राखून ठेवा. मोबाइलवरचा व्हिडिओ तर नकोच. दाखवला तेवढा वेळ मूल पडद्याकडे एकटक, निर्विकार बघतं, आणि बंद केला की रडतं. खाऊनेही तोंड हलत राहतं, ओठ चिकट होतात. तो सगळं संपल्यावर.

आणखी एक. सुरुवातीलाच सगळ्यात धमाल खेळ काढू नका. खिदळून चेकाळलेलं मूल परत शांत बसत नाही, आणि फार हसवलं तर त्याचं रडू व्हायला वेळ लागत नाही. हळू आवाजापासून सुरुवात करावी. गोंगाटात कुजबुज केली तर मूल उलट कान देऊन ऐकतं.

आता एक उदाहरण घेऊ. सहा माणसं: आजी-आजोबा खुर्च्यांवर, त्यांच्या मध्ये आई, तिच्या मांडीवर दोन वर्षांची मुलगी, मागे बाबा, आणि आजोबांच्या गुडघ्याला टेकून पाच वर्षांचा दादा. पाच वर्षांचा मुलगा या सगळ्यातला धोक्याचा माणूस. लक्ष सगळं बहिणीकडे जातंय म्हटल्यावर तो तोंडं वेडावतो. त्याला काम द्या. खेळणं किती वेळा पडतं ते मोज, पण मनातल्या मनात, आणि शेवटी मला सांग. खेळणं लेन्सच्या वर असल्यामुळे त्याची नजर आपोआप जागेवर राहते.

सगळे बसले, नजरा लागल्या, मग मुलीला आणून आईच्या मांडीवर ठेवलं. या पहिल्या अर्ध्या मिनिटात कोणताही खेळ करू नका. नवी जागा, सगळे एका दिशेला बघतायत, म्हणून मूल बऱ्याचदा शांतपणे, गंभीर चेहऱ्याने समोर बघतं. तेवढ्यात काढून घ्या. पुढे सगळे फोटो बघताना घरचे याच फोटोवर थांबतात, असं पुष्कळदा होतं. मग मावशी लेन्समागे येऊन शिंकेचा खेळ सुरू करते. तीन-चार शिंका, साधारण दोन-तीन मिनिटं. मुलगी हसतेय तोवरच "झालं" म्हणून कॅमेरा खाली ठेवायचा. चांगलं चाललंय म्हणून ओढत राहण्याचा मोह इथेच होतो.

सुट्टी म्हणजे खरी सुट्टी. आई तिला घेऊन उठते, आजी-आजोबा बसूनच राहतात, म्हणजे रचना मोडत नाही. पाचेक मिनिटांनी दुसरी फेरी. आता आई गुडघे हलवून तिला मांडीवरच उडवते, आपण "थांब!" म्हटलं की सगळं थांबतं. त्या थांबण्यात ती समोर बघते. तिसऱ्या फेरीत ती अंग ताणून मागे वाकते, तोंड फिरवते, डोळे चोळते. तोंड फिरवणं हा हट्ट नसतो, तिला आता पुरे झालेलं असतं. अशा वेळी आणखी जोराने टाळ्या वाजवल्या तर रडू ठरलेलंच. बाबांनी तिला खांद्यावर घ्यावं, आणि फक्त आता सगळ्यांनी तिच्याकडे बघावं. कॅमेऱ्याकडे कुणीच नाही. हा फोटो रांगेतल्या फोटोपेक्षा वेगळा होतो आणि त्याला मुलीच्या मदतीची गरज पडत नाही. एकूण अर्धा तास गेला, पण मुलगी फ्रेममध्ये होती जेमतेम दहा मिनिटं.

एवढं करूनही सगळ्यांचे डोळे एका फोटोत येतीलच असं नाही. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा आणि एक्स्पोजर हाताने पक्कं करा. मग नंतर दोन फोटो जोडता येतात. पण यात बरेच जण उलटं करतात: मोठ्यांचा चांगला फोटो घेऊन त्यात मुलाचं डोकं बसवायला जातात. मूल हललेलं असतं, आईचे हात त्याच्या अंगावर वेगळ्या जागी असतात, मान जुळत नाही. त्यापेक्षा मुलाचा चांगला फोटो धरा आणि ज्या मोठ्याचे डोळे मिटलेत, त्याचा चेहरा शेजारच्या फोटोतून आणा. तो जागचा हललेला नसतो. ढग येऊन उजेड बदलला असेल तर मात्र हेही अवघड, म्हणून जोडायचे फोटो लागोपाठचेच हवेत.

मोबाइलवर हे सगळं कसं करायचं, असं मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतंय. जवळजवळ असंच. फक्त पुढचा कॅमेरा वापरू नका, मूल लेन्स सोडून पडद्यावरचं स्वतःचं तोंड बघत बसतं. जवळ जाऊन काढलं तर कडेची माणसं ताणल्यासारखी दिसतात, म्हणून अंतर साधारण दुप्पट होईल एवढं मागे सरका आणि दुप्पट झूम लावा. बहुतेक फोनची लेन्स एका कोपऱ्यात असते. खेळणं फोनच्या मधोमध न धरता त्या कोपऱ्याच्या वर धरा, आणि मोठ्यांनाही तो कोपरा बोटाने दाखवून ठेवा.