रोन म्हणून लिहिलेली घोडी

आज विषय घोड्यांच्या रंगांचा आहे आणि ओळखीच्या खुणांचाही, पण आधी मला एका घोडीबद्दल बोलू द्या. ती गोष्ट बरीच वर्षं माझ्या मनात सलते आहे.

शिंगरू सहा महिन्यांचं असताना तिचा ओळखीचा कागद झाला. रंग लिहिला ‘रोन’. सातव्या वर्षी ती विकायला निघाली, तेव्हा समोर उभी होती जवळजवळ पांढरी घोडी. तपासणाऱ्याने सांगितलं, हे जनावर कागदावरचं नव्हे. मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी शिंगराचा जुना फोटो मागवला आणि चूक तिथेच दिसली.

रोनच्या अंगावर पांढरे केस मिसळलेले असतात, पण डोकं आणि पायांचा खालचा भाग गडदच राहतो. या फोटोत उलट होतं. डोळ्यांभोवती चष्म्यासारखं पांढरं कडं होतं आणि चेहरा अंगाआधी उजळला होता. ही ग्रेची सुरुवात. ग्रे गडद जन्मतो आणि वर्षानुवर्षं पांढरा होत जातो. रोन ऋतूप्रमाणे थोडा बदलतो, पण असा पांढरा होत नाही. शिवाय आईबापांपैकी एक तरी ग्रे असल्याशिवाय ग्रे शिंगरू होत नाही, आणि हिची आई ग्रेच होती. एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं!

मग ती हीच घोडी, हे कसं ठरलं? कागदावर कपाळावर तारा होता, पण पांढऱ्यात पांढरा तारा कसा दिसणार? आम्ही कपाळ पाण्याने भिजवलं. ग्रेची कातडी काळसर असते. जन्मजात पांढऱ्या खुणेखाली ती गुलाबी असते. भिजल्यावर ताऱ्याची गुलाबी कड उमटली. मागच्या डाव्या पायाचा मोजा, म्हणजे पायाच्या खालच्या भागावरची पांढरी खूण, तीही तशीच सापडली. कपाळावरचे दोन भोवरे, एकाखाली एक, कागदावरच्या आकृतीशी तंतोतंत जुळले.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटंच उरलीत. तर बे आणि चेस्टनट हे दोन तांबडे रंग घाईत सांगतो. संध्याकाळच्या उन्हात दोन्ही सारखेच तांबडे दिसतात, म्हणून अंगाकडे पाहूच नका. आयाळ, शेपूट आणि कानांच्या कडा पाहा. तिथे काळा रंग असेल तर बे, अंगासारखी किंवा फिकट तांबूस छटा असेल तर चेस्टनट. पाय शेवटी पाहा, कारण बेचे काळे पाय पांढऱ्या मोज्यांखाली झाकले जातात.

खुणांत मी भोवऱ्यांना पहिला मान देतो, कारण ते जन्मभर जागा सोडत नाहीत. पायांच्या आतल्या बाजूचे खडबडीत घट्टेही आकाराने प्रत्येकाचे वेगळे असतात. व्रण मात्र नंतरही येतात, त्यामुळे जुन्या कागदावर व्रण नाही म्हणून घोडा वेगळा ठरत नाही. आणि फोटो काढाल तेव्हा दोन्ही बाजू, समोरून, मागून, शिवाय कपाळाचा जवळून एक. ग्रे असेल तर हा कपाळाचा फोटो तिथले केस भिजवून काढा.