सतराव्या दिवसाच्या शिव्या

कुरुक्षेत्रावरच्या युद्धाचा सतरावा दिवस. कर्ण कौरवांचा सेनापती आणि त्याच्या रथावर सारथी म्हणून बसलाय मद्र देशाचा राजा शल्य, म्हणजे नकुल-सहदेवांचा सख्खा मामा. 'मी कर्णाला वाटेल ते बोलेन' ही अट घालूनच त्यानं लगाम हातात घेतलेत. शिवाय युधिष्ठिरानं त्याच्याकडून आधीच वचन घेतलंय, कर्णाचा तेजोवध करण्याचं. तेव्हा शल्य जे बोलणार आहे, तो रागाचा झटका नाही. ठरवून केलेलं काम आहे.

सुरुवात उपमांनी होते. उंदीर आणि मांजर, कुत्रा आणि वाघ, कोल्हा आणि सिंह, ससा आणि हत्ती. कर्णा, तुझ्यात आणि अर्जुनात एवढंच अंतर! मग शल्य रणांगणावर, रथात बसून, चक्क एक गोष्ट सांगायला घेतो.

समुद्रकाठी एक श्रीमंत वैश्य राहायचा. त्याच्या मुलांच्या उष्ट्यावर एक कावळा पोसला गेला आणि माजला. एकदा तिथे हंस आले. कावळ्यानं त्यांना आव्हान दिलं, 'मला एकशे एक प्रकारची उड्डाणं येतात.' आणि यादीच म्हणून दाखवली: उड्डीन, अवडीन, प्रडीन, डीन, निडीन, संडीन...

अनुवादक पहिल्यांदा अडतो तो इथेच. ही सगळी नावं 'उडणे' या अर्थाच्या एकाच धातूला वेगवेगळे उपसर्ग लावून केलेली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किसारी मोहन गांगुलींनी महाभारत इंग्रजीत आणलं, तेव्हा त्यांनी प्रत्येक नावाचा अर्थ उलगडून सांगितला: वर उडणं, खाली उडणं, वगैरे. अर्थ बिनचूक, पण गंमत गेली. कावळा पक्षिशास्त्र शिकवत नाहीये, तो भारदस्त शब्द फेकतोय. त्यामुळे मराठीत निदान चार-पाच नावं तशीच ठेवावीत, असं माझं मत. ती कळली नाहीत तर उत्तमच. हंसांनाही फार कळली नसावीत.

हंस म्हणतो, मला एकच उड्डाण येतं. दोघं समुद्रावर निघतात. कावळा दमतो, खाली येत जातो. तेव्हा हंस विचारतो, 'कावळ्या, आत्ता तू उडतोयस त्या प्रकाराचं नाव काय? सारखे पंख आणि चोच पाण्याला लागताहेत.'

खरी शिवी ही. हिच्यात एकही अपशब्द नाही. अनुवादकानं इथे 'मूर्खा', 'गाढवा' असं काही पदरचं घातलं की ती बोथट झालीच म्हणून समजा. हंसाचा सूर विद्यार्थ्यासारखा हवा, खरंच माहिती विचारणारा. त्यानंतर शल्य तीच सुरी कर्णाकडे वळवतो: धृतराष्ट्राच्या मुलांच्या उष्ट्यावर तूही असाच पोसला गेलास. संस्कृतात शब्द आहे 'उच्छिष्ट'. मराठीत 'उष्टं' म्हटलं की किळस, उपकार आणि पायरी, तिन्ही आपोआप येतात. इंग्रजीत मात्र उरतं फक्त ताटातलं शिल्लक अन्न.

त्याच दिवशी, पलीकडच्या छावणीत, एक शिवी फक्त एका सर्वनामाची आहे. कर्णाकडून घायाळ झालेला युधिष्ठिर चिडून अर्जुनाला म्हणतो, तुझं गांडीव दुसऱ्या कुणाला तरी दे. असं म्हणणाऱ्याचा वध करायचा, अशी अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा! तो तलवार उपसतो. कृष्ण मधला मार्ग काढतो: थोरल्याला 'तू' म्हण. ज्याला तू म्हटलं, तो वडीलधारा मेल्यातच जमा.

मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही; अरे-तुरेवर येणं म्हणजे काय, हे आपल्याला घरातूनच कळतं. पण एक मेख आहे. महाकाव्याच्या संस्कृतात एरवी थोरामोठ्यांनाही सर्रास 'त्वम्' म्हटलं जातं. म्हणजे मराठी अनुवादकानं आधीच्या शेकडो संवादांत अर्जुनाच्या तोंडी 'आपण' घातलं असेल, तरच इथला 'तू' कानफटात बसल्यासारखा लागेल. मुळात नसलेली शिस्त आधीपासून पाळायची, ती या एका क्षणासाठी. गांगुलींच्या जुन्या धाटणीच्या इंग्रजीत तर सगळेच एकमेकांना 'दाऊ', म्हणजे 'तू'च म्हणतात, म्हणून त्यांना त्या ओळीत वेगळं सांगावं लागलं की युधिष्ठिराला एरवी आदरानं संबोधतात.

मग अर्जुन बोलतो. तू रणापासून कोसभर लांब बसतोस, मला बोलू नकोस; भीमाला तो हक्क आहे. द्यूत खेळलास तू, भोगलं आम्ही.

बोलून झाल्यावर त्याला स्वतःचाच जीव द्यावासा वाटतो. त्यावरही कृष्णाकडे तोड आहे: स्वतःच्या तोंडानं स्वतःची स्तुती कर, तीच आत्महत्या. आणि अर्जुन भावासमोर उभा राहून आपले पराक्रम सांगू लागतो. संक्षिप्त अनुवादात कृष्णाचं हे वाक्य गळलं, तर त्या ओळी निव्वळ बढाया वाटतात. ते वाक्य शाबूत असेल, तर प्रत्येक पराक्रमागणिक अर्जुन स्वतःला शिक्षा देताना ऐकू येतो.