इसीजी नॉर्मल, तरीही

[दृश्य: कागदावर सरकणारा इसीजी]

हा इसीजी पाहा. मिनिटाला 62 ठोके, लय नियमित, क्यूटी अंतर, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला विद्युतदृष्ट्या पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, हवं तेवढंच. कुठलाही डॉक्टर याच्याखाली ‘नॉर्मल’ लिहील, आणि ते बरोबरच असेल. हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, तीही स्वच्छ. झडपा ठीक, स्नायू ठीक, रक्तवाहिन्या ठीक.

आणि तरीही 11 वर्षांचा हा मुलगा दोनदा बेशुद्ध पडला आहे.

हा कोणी एक मुलगा नाही. हृदयाची लय बिघडवणाऱ्या एका आनुवंशिक आजाराच्या रुग्णांमध्ये जे पुन्हा पुन्हा घडताना दिसतं, ते एकत्र करून त्याची हकिगत मांडली आहे. पहिल्यांदा तो पडला धावण्याच्या शर्यतीत, ऐन वेगात असताना. हातपाय झटकले, डोळे वर गेले, दोन मिनिटांत शुद्धीवर आला. पाहणाऱ्यांना वाटलं, फिट आली. मेंदूच्या विद्युतलहरींच्या आलेखात, ईईजीत, काही सापडलं नाही, पण फिटचं औषध सुरू झालं. काही महिन्यांनी, औषध नियमित चालू असताना, भांडणात संतापला आणि बोलता बोलता पुन्हा कोसळला.

मेंदूचा रक्तपुरवठा काही सेकंद थांबला तरी हातपायांना झटके येतात. त्यामुळे नुसत्या झटक्यांवरून आजार मेंदूचा की हृदयाचा हे ठरत नाही. त्यासाठी एक साधा प्रश्न विचारावा लागतो: पडायच्या आधीच्या क्षणी तो काय करत होता? नेहमीची चक्कर बहुतेकदा खूप वेळ उभं राहिल्यावर येते, किंवा धावणं थांबवून उभं राहिल्यावर. आधी मळमळतं, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. पण धावता धावता, पोहता पोहता, भीतीने किंवा रागाने, काहीही चाहूल न लागता शुद्ध हरपली, तर हृदयाचा संशय आधी घ्यायला हवा. तो प्रश्न इथे कुणी विचारला नव्हता, म्हणून महिने वाया गेले.

[दृश्य: ट्रेडमिल, छातीवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडच्या वायरी]

आता त्याची ट्रेडमिल टेस्ट चालू आहे. शेजारी शॉक देऊन लय ताळ्यावर आणणारं यंत्र, डिफिब्रिलेटर, तयार ठेवलेलं. ठोके 90 झाले, काही नाही. 110च्या पुढे एक जादा ठोका आला, हृदयाच्या खालच्या कप्प्यातून उठलेला. वेग वाढवला तसे असे ठोके वाढत गेले: आधी एखाददुसरा, मग एकाआड एक, मग जोड्या. आणि 140च्या आसपास कागदावर हे उमटलं. एक ठोका वर, पुढचा खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. पट्टा लगेच थांबवला. मिनिटभरात सगळं शांत झालं आणि आलेख पुन्हा पहिल्यासारखा नॉर्मल.

या दुतोंडी लयीला बायडायरेक्शनल व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया म्हणतात. ती फार थोड्या कारणांनी दिसते. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची विषबाधा हे एक. निरोगी दिसणाऱ्या मुलात, श्रमाच्या वेळी ती दिसली, तर निदान जवळजवळ झालंच: कॅटेकोलअमीनर्जिक पॉलिमॉर्फिक व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया. डॉक्टर त्याला सीपीव्हीटी म्हणतात. फ्रेंच डॉक्टर फिलिप कूमेल यांनी 1978मध्ये अशा मुलांचं वर्णन केलं. त्यामागचं जनुक मात्र 2001मध्ये हाती लागलं: आरवायआर2.

हे जनुक हृदयाच्या पेशीतल्या एका दाराचा आराखडा ठेवतं. पेशीच्या आत कॅल्शियमची एक कोठी असते. प्रत्येक ठोक्याला ते दार क्षणभर उघडतं, कॅल्शियम बाहेर येतं, स्नायू आकुंचन पावतो, दार बंद होतं. ॲड्रेनलिन वाढलं की कोठी जास्त भरते आणि दारही जास्त हळवं होतं. जोरात धडधडायचं तर तसं व्हायलाच हवं. पण या मुलाचं दार नीट मिटत नाही. दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत कॅल्शियम झिरपतं. ते बाहेर टाकण्यासाठी पेशी एक कॅल्शियम देऊन तीन सोडियम आत घेते. या अदलाबदलीत विद्युतभार आत येतो, आणि तो पुरेसा झाला की वेळ नसताना नवा ठोका पेटतो. असे ठोके एकामागून एक सुटले की लय बिघडते, आणि ती व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये गेली, म्हणजे खालचे कप्पे नुसते थरथरू लागले, तर हृदय रक्त ढकलूच शकत नाही.

विश्रांतीत ॲड्रेनलिन कमी, झिरपणंही कमी. म्हणून झोपवून काढलेला इसीजी या आजाराबद्दल काहीच सांगत नाही. क्यूटी अंतर लांबवणाऱ्या जनुकीय आजारात, लाँग क्यूटीत, निदान बऱ्याच जणांचा इसीजी तरी बोलतो. इथे श्रमाची चाचणी केल्याखेरीज हाती काही लागत नाही, आणि ती कधीकधी पुन्हा करावी लागते.

उपचाराचा पाया म्हणजे ॲड्रेनलिनचा परिणाम रोखणारं औषध, बीटा ब्लॉकर, शक्यतो नॅडोलॉल, कारण त्याचा परिणाम दिवसभर टिकतो. या मुलाला ते दिलं, ट्रेडमिल पुन्हा केली. दुतोंडी लय गेली, पण जोड्या उरल्या. म्हणून लय सांभाळणारं दुसरं औषध, फ्लेकेनाइड, जोडलं. तिसऱ्या चाचणीत तुरळक सुटे ठोके दिसले. औषध रोज, न चुकता घ्यायचं आहे. या आजारात चुकलेले डोस जिवावर बेतले आहेत. स्पर्धात्मक खेळ बंद. 11 वर्षांच्या मुलाला हे सांगणं सोपं नाही, आणि घरच्यांनी ते एकट्याने पेलावं अशी अपेक्षा ठेवू नये.

छातीत बसवायचा डिफिब्रिलेटर लगेच का नाही? कारण त्याचा शॉक दुखतो. दुखण्याने, भीतीने ॲड्रेनलिन उसळतं, त्यातून पुन्हा तीच लय, पुन्हा शॉक. हे चक्र सुरू झालं तर जीव वाचवायला बसवलेलं यंत्रच धोका होतं. ज्यांचं हृदय एकदा बंद पडून परत आलं आहे, किंवा औषधं पुरत नाहीत, त्यांच्यासाठी ते राखून ठेवतात. कधी हृदयाला धडधडायचा इशारा देणाऱ्या, छातीतल्या डाव्या बाजूच्या सिंपथेटिक नसा कापतात. ॲड्रेनलिनच्या इंजेक्शनचंही तसंच, इथे ते आगीत तेल ठरू शकतं. त्यामुळे निदानाची चिठ्ठी मुलाच्या खिशात असावी. पण मूल कोसळलं, श्वास नाही, तर पाहणाऱ्याने छाती दाबायला लगेच सुरुवात करायची. त्यात काही बदल नाही.

[दृश्य: कुटुंबवृक्ष, एक चौकोन तिरप्या रेघेने खोडलेला]

मुलाच्या आईला विचारलं तेव्हा कळलं, तिचा धाकटा भाऊ 19व्या वर्षी पोहताना गेला होता. पट्टीचा पोहणारा होता, तरी ‘बुडाला’ अशीच नोंद झाली. शवविच्छेदनात हृदय निरोगीच दिसलं, कारण दाराचा दोष मृत हृदयात डोळ्यांना किंवा सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. अमेरिकेतल्या एका अभ्यासात असे 49 अनाकलनीय मृत्यू तपासले गेले, तो 2004मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या 7 जणांत आरवायआर2मध्ये बदल सापडला. मात्र त्यासाठी डीएनए शाबूत लागतो. ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या नळीतलं रक्त किंवा गोठवलेला ऊतीचा तुकडा उपयोगी पडतो. फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या नमुन्यातला डीएनए तुटलेला असतो. मामाचं रक्त कुणी राखून ठेवलेलं नव्हतं.

आरवायआर2चा दोष आई किंवा बापाकडून प्रत्येक अपत्यात जाण्याची शक्यता निम्मी. मुलात सापडलेला बदल आईत निघाला, आणि सात वर्षांच्या बहिणीतही. ती कधीच पडलेली नाही. तिची ट्रेडमिल टेस्ट स्वच्छ आली. तरी त्याच आठवड्यात दोघींचा बीटा ब्लॉकर सुरू झाला.